शातलेवर उभे असलेले गृहस्थ

पॅरिसच्या मेट्रोच्या नकाशाचा एक फोटो आमच्या घरात आहे. त्यात अगदी मधोमध, शातले नावाच्या स्टेशनवर, आमचे हे उभे आहेत. चेहरा काचेतल्या प्रतिबिंबाचा, त्यामुळे जरा पुसट. नाकाच्या शेंड्यावर फ्लॅशचा पांढरा गोळा. डावा कान सीन नदीत.

हा फोटो का काढावा लागला ते आधी सांगते. आम्ही ॲमस्टरडॅमला भाच्याकडे आठ दिवस राहून गाडीने पॅरिसला उतरलो होतो आणि तिथून ग्रनोबलला लेकीकडे जायचं होतं. पॅरिसमध्ये एक सोय नाही. दादरला उतरून दादरलाच दुसरी गाडी धरावी, तसं तिथे होत नाही. उत्तरेकडच्या गाड्या उत्तरेच्या स्टेशनात संपतात, आग्नेयेकडच्या दुसऱ्याच स्टेशनातून सुटतात, आणि मधलं पॅरिस ज्याचं त्याने ओलांडायचं असतं. आम्ही उतरलो ते गार द्यु नोर. जायचं होतं गार द लिओंला. गार म्हणजे स्टेशन, हे लेकीने फोनवर शिकवलं होतं. दोन गाड्यांच्या मध्ये दोन तास दहा मिनिटं होती. "भरपूर आहेत," हे म्हणाले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत. लाईट कधी येणार या प्रश्नाला चौतीस वर्षं ते "येईल इतक्यात" असं उत्तर देत आले आहेत.

सामान असं होतं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, एक केबिन बॅग, एक पाठीवरची सॅक आणि एक कापडी पिशवी. त्या पिशवीत सांगलीची हळद, मेतकूट, कुरडया आणि पाच लिटरचा कुकर. फ्रान्समध्ये कुकर मिळतात. पण लेकीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची शिट्टी आपल्यासारखी होत नाही, नुसतं फुसफुसतं, त्यामुळे भात झाला की नाही ते कळत नाही.

नकाशा भिंतीवर होता. माणसाएवढा, काचेआड, आणि त्याच्यासमोर पंधरा-वीस जण. तिथल्या स्टेशनात सामान एकटं सोडता येत नाही. बेवारस बॅग दिसली की घोषणा होतात, पोलीस येतात, सगळी जागा रिकामी करतात. तेव्हा एकाने सामानापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने नकाशा आणायचा, असं ठरलं. नकाशा आणायचा म्हणजे फोटो काढून आणायचा. फोनमध्ये इंटरनेट नव्हतं. परदेशात चालणारा पॅक मी घेतला होता, पण तो चुकून भाच्याच्या नंबरावर चालू झाला होता. भाचा ॲमस्टरडॅमला घरीच.

हे गेले, गर्दीत कोपर घालून पुढे पोचले आणि परतले. "मधला भाग जवळून घेतला," म्हणाले, "म्हणजे अक्षरं मोठी येतील."

अक्षरं मोठी आली होती, हे कबूल करायला हवं. दोन्ही स्टेशनंही फोटोत होती. वरच्या बाजूला गार द्यु नोर, खाली उजवीकडे गार द लिओं. कडा मात्र चारी बाजूंनी उडाल्या होत्या. कडा कशाला हव्यात, असं तेव्हा मलाही वाटलं. आपल्याला कुठे गावाबाहेर जायचंय!

आम्ही दोन बॅगा आडव्या केल्या, त्यांच्यावर बसलो आणि नकाशा वाचायला घेतला. पॅरिसच्या मेट्रोचे मार्ग एक ते चौदा, वर दोन पिल्लं, तीन-बीस आणि सात-बीस. म्हणजे एकूण सोळा. शिवाय गावाबाहेर जाणाऱ्या, पण शहराच्या पोटातून जाणाऱ्या आरईआर नावाच्या पाच लाईनी, ए पासून ई पर्यंत. स्टेशनं तीनशेच्या वर. प्रत्येक मार्गाला रंग आहे, आणि एवढे वेगळे रंग देवानेच केलेले नसल्यामुळे शेवटी शेवटी त्यांनी एकाच रंगात पाणी घालून भागवलेलं आहे. चार नंबर जांभळा, चौदा नंबर गडद जांभळा, आठ नंबर फिका जांभळा. कागदावर हे ओळखू येतं. काचेआडून, पिवळ्या दिव्यात, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तिन्ही वांग्याच्या भाजीसारखे दिसतात.

ह्यांनी मात्र पाहताक्षणी निकाल दिला. "अगं, हा नकाशा नाहीच. ही सिंगल लाईन डायग्राम आहे."

सबस्टेशनचं सगळं काम एका कागदावर सरळ रेघांनी दाखवतात, त्याला ते तसं म्हणतात. त्यात एका रेघेची लांबी दोन इंच असली तर प्रत्यक्षात ती तार दोन फुटांची असेल किंवा दोन किलोमीटरची. लांबीला अर्थच नाही. काय कशाला जोडलंय एवढंच खरं. आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मेट्रोच्या नकाशात मधलं शहर ताणून मोठं केलेलं असतं आणि उपनगरं चेपलेली असतात, नाहीतर मधली नावं एकमेकांवर चढतील. गार द्यु नोर आणि गार द लेस्त ही दोन स्टेशनं फोटोत वेगवेगळी, मध्ये एक रेघ. प्रत्यक्षात एका स्टेशनाहून दुसऱ्याला चालत जाता येतं, आपल्या एसटी स्टँडवरून बाजारात जावं इतकं. नुसत्या फोटोवरून हे कळायला कसलाही मार्ग नाही.

"म्हणून अंतर बघायचं नाही," हे म्हणाले. "जोडण्या मोजायच्या."

मग आम्ही जोडण्या मोजल्या. जिथे गाडी बदलता येते तिथे नकाशात पांढरा गोल असतो. बरेच मार्ग एकत्र आले की तो गोल लांबट होत कॅप्सूलसारखा दिसतो. ह्यांचा मार्ग असा होता: चार नंबरने शातले, तिथे चौदा नंबर, की गार द लिओं. जोडणी एक. पण शातलेवर हे स्वतःच उभे होते. तिथली कॅप्सूल कुठून कुठवर आहे ते फ्लॅशमुळे दिसत नव्हतं. बोटांनी मोठं करून पाहिलं तर नाकपुडी मोठी व्हायची.

मी पाच नंबर सुचवला. नारिंगी रंग, फोटोत ठळक. गार द्यु नोरवरून सरळ खाली बास्तीयपर्यंत सात स्टेशनं, तिथून पिवळ्या एक नंबरने एकच स्टेशन. जोडणी एकच, आणि हा सगळा मार्ग ह्यांच्या चेहऱ्याच्या बाहेरून जात होता. दिसणारा रस्ता बरा, असं म्हणून आम्ही पाच नंबर पक्का केला.

फोटोत आणखी एक गोष्ट होती. ह्यांच्या खांद्यावरून छातीवर तिरका येणारा एक जाड हिरवा पट्टा. मी म्हटलं, "तुमच्या पिशवीचा पट्टा आलाय मध्ये." ते म्हणाले, "हो, येतो तो." त्याच्या शेजारी एक निळी जाड रेघही काही अंतर चालली होती, पण ह्यांचा शर्टच निळा. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

तिकिटाचं यंत्र आणि दाराची झडप हा वेगळा अध्याय आहे, तो मी आटोपता घेते. माणशी एक कार्ड घ्यावं लागतं, एकाच्या कार्डावर दोघं जात नाहीत. आणि झडप उघडल्यावर आधी बॅग सारली तर झडपेला वाटतं गिऱ्हाईक गेलं. बॅग आत, मी बाहेर, अशा स्थितीत थोडा वेळ गेला. शेजारी सामानवाल्यांसाठी रुंद दार होतं. ते आम्हाला आत गेल्यावर दिसलं.

पाच नंबरच्या पाट्या धरत आम्ही निघालो. जिना. वळण. पुन्हा जिना. मग बोळ दुभंगला आणि दोन पाट्या आल्या. डावीकडे 'बोबिन्यी – पाब्लो पिकासो', उजवीकडे 'प्लास दिताली'.

तिथे मला कडांची किंमत कळली. पॅरिसच्या मेट्रोत अप-डाउन नसतं, उत्तर-दक्षिण नसतं. गाडी कुठे संपते तेवढं नाव लिहितात, आणि त्यावरून दिशा तुम्ही ओळखायची. म्हणजे बास्तीयला जायचं तर बास्तीय शोधून उपयोग नाही. बास्तीयच्या पलीकडे ती रेघ कुठवर जाते, शेवटचं स्टेशन कोणतं, ते माहीत पाहिजे. शेवटची स्टेशनं नकाशाच्या कडेला असतात. आणि आमच्या पाच नंबरची दोन्ही टोकं, एक वरचं आणि एक खालचं, अक्षरं मोठी यावीत म्हणून कापली गेली होती.

मागून लोक येत होते. तेवीस किलोची बॅग बोळाच्या तोंडाशी आडवी लावून विचार करत उभं राहिलं की फ्रेंच माणसं काही बोलत नाहीत, फक्त श्वास सोडतात. तो श्वास मराठीत फार स्पष्ट कळतो.

"पिकासो," हे म्हणाले.

"का?"

"ओळखीचं नाव आहे."

वाद घालायला जागा नव्हती. पिकासोकडे गेलो. तिथे फलाटाच्या तोंडाशी एक उभी पाटी असते आणि त्या दिशेला लागणारी सगळी स्टेशनं तिच्यावर क्रमाने लिहिलेली असतात. दिशा तपासायला खरं तर तेवढी पुरते. आपलं स्टेशन यादीत आहे? आत जा. नाही? मागे फिरा. ही पाटी मी पाहिली होती. पण ती माझ्या कुकरच्या पिशवीआड येत होती आणि मला ती जाहिरात वाटली.

गाडी लगेच आली, चढलो, दारं लागली. मी फोटोत बोट ठेवून बसले: पुढचं गार द लेस्त यायला हवं. गाडी बोगद्यातून बराच वेळ जात राहिली. मग उजेड आला आणि खिडकीबाहेर पाटी सरकली. तिच्यावर लिहिलं होतं: स्तालिनग्राद.

हे काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, "अहो, आपण रशियात आलो."

पुढे कळलं की दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईची आठवण म्हणून 1946 साली ते नाव त्या स्टेशनला दिलेलं आहे. पण उतरताना हे माहीत नव्हतं. घाईघाईत सामान खाली ढकलताना मला एवढंच वाटत होतं की आपल्याकडे या देशाचा व्हिसा नाही.

आता उलटी गाडी धरायची म्हणजे समोरचा फलाट. समोरचा फलाट म्हणजे मधले दोन रूळ, आणि रुळांवरून जाता येत नाही. वर चढा, पलीकडे जा, खाली उतरा. पॅरिसची पहिली मेट्रो 1900 च्या जुलैत धावली, आणि तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं जे खोदलं ते जिन्यांचंच. लिफ्टचा विचार नंतरचा. चौदा नंबर 1998 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. बाकी जुन्या मार्गांवर सरकता जिना असला तर नशीब, आणि तो बहुधा वरच जातो. सामान घेऊन खाली उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट असतं, कारण बॅग आपल्याआधी पोचायला बघते.

आम्ही जिन्याकडे बघत उभे होतो तेव्हा शेजारून कोणीतरी इंग्रजीत विचारलं, "इंडिया?"

साठीचे गृहस्थ होते. हातात पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता बाहेर डोकावत होता. पॅरिसमध्ये जमिनीखाली कढीपत्त्याचा वास आला की माणसाला रडू येतं, हे मी अनुभवावरून सांगते. ते जाफन्याचे तमिळ. गार द्यु नोरच्या मागे, ला शापेलच्या बाजूला, श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानांची गल्लीच आहे. तिथून बाजार करून ते आमच्याच गाडीने आले होते. त्यांनी आमच्या बॅगांकडे पाहिलं, कुठे जायचंय विचारलं आणि "नकाशा आहे का?" म्हणाले. आम्ही फोन दिला.

त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"शातलेवर हे कोण?"

"मीच," हे म्हणाले.

"बरं." आणि मग त्यांनी बोट ठेवलं. नेमकं त्या पट्ट्यावर. "आणि हे काय आहे, माहीत आहे?"

"ह्यांच्या पिशवीचा पट्टा," मी म्हटलं.

"ही आरईआर डी आहे."

तो जाड हिरवा पट्टा गार द्यु नोरवरून निघत होता, ह्यांच्या खांद्यावरून खाली शातलेला, म्हणजे गळ्याशी येत होता, आणि तिथून तिरका छातीवरून जाऊन थेट गार द लिओंला पोचत होता. न बदलता. मधे एकच थांबा, दुसरं गार द लिओं. बारीक रेघा मेट्रोच्या आणि जाड रेघा आरईआरच्या, हे त्यांनी सांगितलं. मेट्रो साधारण अर्ध्या किलोमीटरला थांबते. आरईआर शहराच्या पोटातून लांब उड्या मारत जाते. त्यामुळे एका मोठ्या स्टेशनाहून दुसऱ्याला जायचं असेल तर आधी जाड रेघा बघायच्या, बारीक रेघा त्यानंतर.

हे म्हणाले, "पण आमचा मार्गही चुकीचा नव्हता. जोडणी एकच होती."

त्या गृहस्थांनी आमच्या बॅगा उचलून पाहिल्या. दोन्ही, आळीपाळीने. मग विचारलं, "तुम्ही काय करत होता नोकरीत?"

"वीज मंडळात."

"हं. करंटकडे सामान नसतं."

हे वाक्य आमच्या घरात आता कायमचं राहायला आलं आहे. पण त्यातला मुद्दा त्यांनी नीट समजावला. नकाशातला पांढरा गोल हा कागदावर एक टिंब असतो. प्रत्यक्षात तो एक जिना खाली, एक बोळ, एक जिना वर, पुन्हा एक बोळ असा असतो, आणि गोल जितका लांबट तितका बोळ लांब. शातलेची कॅप्सूल तर मोठीच, तिथे एका बोळात चालता पट्टा बसवलाय. हातात काही नसेल तर मार्ग निवडताना स्टेशनं मोजावीत. सामान असेल तर स्टेशनं मोजूच नयेत, गोल मोजावेत. बसून सात स्टेशनं जास्त गेली तरी काही बिघडत नाही. एक गोल जास्त झाला की कंबर जाते.

त्यांनी आणखी एक बजावलं. गार द्यु नोर ते शातले या टप्प्यात बी आणि डी एकाच बोगद्यातून धावतात, तेव्हा समोर आली ती गाडी धरायची नाही. बी शातलेपर्यंत बरोबर नेते आणि मग गार द लिओंला न जाता भलतीकडे वळते. (तीच ती शर्टात हरवलेली निळी रेघ.) फलाटावरच्या फळ्यावर गाडी कुठे कुठे थांबणार त्याची यादी येते. यादीत गार द लिओं वाचायचं, मग पाय उचलायचा. कार्ड पुन्हा टेकवावं लागेल, पण भाडं वेगळं नाही. मेट्रोतून आरईआरमध्ये त्याच तिकिटावर जाता येतं.

मग त्यांनी शेंगांची पिशवी माझ्याकडे दिली आणि एक बॅग स्वतः उचलून जिना चढायला लागले. "अहो, नको," हे म्हणाले, पण नुसते म्हणाले. पलीकडच्या फलाटावर बॅग ठेवून, पिशवी परत घेऊन ते गेले. कुरडयांचं पुडकं त्यांना द्यायला हवं होतं हे मला गाडी सुटल्यावर सुचलं. अशा गोष्टी मला नेहमी गाडी सुटल्यावरच सुचतात.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं की सांगण्यासारखं काही नाही. एक स्टेशन मागे गार द्यु नोर. तिथे हिरव्या डीच्या पाट्या धरत खाली. या वेळी झडपेला रुंद दार. पहिली गाडी बी होती; हे चढायला निघाले होते, मी सॅकला धरून मागे ओढलं. दुसरीच्या यादीत गार द लिओं होतं. गाडी दोनमजली. आत वर किंवा खाली जायला पायऱ्या होत्या, पण आम्ही दाराजवळच्या सपाट जागेत बॅगा धरून उभे राहिलो. त्या दिवशी पुन्हा पायरी चढायची इच्छा दोघांनाही नव्हती. दहा मिनिटांच्या आत गार द लिओं आलं. ज्या प्रवासासाठी आम्ही तासभर बॅगांवर बसून अभ्यास केला होता, तो असा उभ्याउभ्या संपला.

ग्रनोबलच्या गाडीला अजून पस्तीस मिनिटं होती. तिथे गाडीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात आणि फलाटाचा नंबर वीसेक मिनिटं आधी लागतो, तेव्हा ही पस्तीस मिनिटं म्हणजे चैन नव्हे. पण कॉफी झाली.

गाडी पॅरिसच्या बाहेर पडली, शेतं लागली. ह्यांनी फोन काढला आणि तो फोटो पुन्हा बघत बसले. मला वाटलं पुसून टाकतायत. पुसला नाही. मोठा केला, लहान केला, खांद्यापाशी नेला.

"एक सांग," म्हणाले, "ही हिरव्या पट्ट्याची पिशवी आपण आणली होती का गं?"

मी वर रॅककडे पाहिलं. मोठ्या बॅगा काळ्या. केबिन बॅग लाल. सॅक करडी. कुकरची पिशवी खाकी, तिला पट्टाच नाही, दोन बंद आहेत.

हिरव्या पट्ट्याची पिशवी आमच्याकडे आहे, नाही असं नाही. ती सांगलीला, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली. दळणाची.